चष्म्याची काच आणि काडी

मराठीत आपण आजही 'चष्म्याची काच' असे म्हणतो. शब्द जुना आहे आणि तो जाण्याचे काही कारण नाही. परंतु वस्तू मात्र बदललेली आहे. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या नाकावर जो चष्मा आहे, त्याच्या चौकटीत काच नाही, प्लास्टिक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत एक कठीण, पारदर्शक प्लास्टिक तयार झाले. सी. आर. ३९ हे त्याचे व्यापारी नाव. युद्ध संपल्यावर त्याची चष्म्याची भिंगे होऊ लागली. ती वजनाला काचेच्या जवळजवळ निम्मी, आणि खाली पडल्यास सहसा न फुटणारी. पुढे पॉलिकार्बोनेटसारखी आणखी चिवट प्लास्टिके आली आणि चष्म्यातून काच हळूहळू हद्दपार झाली. वस्तू बदलली, परंतु ती पुसण्याची आपली रीत बदलली नाही. भिंगावर तोंडाने वाफ सोडावयाची आणि धोतराचा सोगा, सदऱ्याचे टोक, साडीचा पदर किंवा खिशातला रुमाल, जे हाताला येईल त्याने ते खसाखसा पुसावयाचे, ही रीत काचेच्या काळातली. काचेने ती पुष्कळ सोसली. प्लास्टिक ती सोसत नाही.

आज मला चष्म्याच्या दोन भागांविषयी बोलावयाचे आहे. एक भिंग आणि दुसरा त्याला नाकाकानांवर तोलून धरणारा सांगाडा, म्हणजे फ्रेम, काड्या आणि नाकावर टेकणाऱ्या त्या दोन लहान पाकळ्या. या दोहोंत एक मोठा भेद आहे. सांगाडा वाकडा झाला तर तो बहुधा सरळ करता येतो. भिंगावर ओरखडा उमटला तर तो कधीही पुसला जात नाही. म्हणून भिंगाच्या बाबतीत सारी काळजी आधी घ्यावयाची असते, आणि सांगाड्याच्या बाबतीत थोडी दुरुस्ती मागाहूनही चालते. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढचे सारे सोपे आहे.

प्रथम ओरखडा कसा पडतो ते पाहू. आपली समजूत अशी असते की, चष्मा पडला, कशावर घासला, की ओरखडे पडतात. तसे ते पडतातही. परंतु एखाददुसऱ्या वर्षात भिंग धुरकट दिसू लागते, ते बहुतांशी स्वच्छतेच्या नावाखाली केलेल्या घासण्यामुळे. भिंगावर बसलेली धूळ ही नुसती माती नव्हे. तिच्यात गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे, सूक्ष्म कण असतात. खनिजांची कठीणता मोजण्याची एक श्रेणी आहे. तिच्यात सर्वांत मऊ खनिजाला १ आणि हिऱ्याला १० असा क्रमांक दिलेला असतो. गारगोटीचा क्रमांक ७. साध्या काचेचा साडेपाचच्या आसपास. प्लास्टिकचे भिंग त्याच्याही पुष्कळ खाली येते. मे महिन्यात दिल्ली, जयपूर किंवा बिकानेर येथे राहणाऱ्या श्रोत्यांना वाळवंटावरून येणारी आंधी परिचयाची आहे. तिच्यानंतर खिडकीच्या गजांवर जी रेती बसते, तीच आपल्या चष्म्यावरही बसलेली असते. अशा भिंगावरून कोरडे वस्त्र फिरविणे म्हणजे वस्त्राच्या आणि भिंगाच्या मध्ये शेकडो बारीक छिन्न्या धरून त्या ओढण्यासारखे आहे. वस्त्र कितीही मऊ असो, मलमलीचे असो की रेशमाचे, ओरखडा वस्त्र काढीत नाही. त्याच्याखाली सापडलेला कण काढतो.

तोंडाच्या वाफेने हे टळत नाही का? नाही. वाफेने भिंगावर जो ओलावा येतो तो इतका थोडा असतो की कण त्यात ओला होतो, वाहून जात नाही. कण वाहून जावयाचा तर वाहते पाणीच हवे.

यात आणखी एक गोष्ट आहे. आजच्या प्लास्टिकच्या भिंगावर सामान्यतः एक कठीण लेप दिलेला असतो, आणि पुष्कळ भिंगांवर त्याच्याही वर प्रकाशाची चकाकी कमी करणारे अतिशय पातळ थर असतात. दिव्याखाली धरले असता ज्या भिंगावर हिरवट किंवा निळसर झाक दिसते, त्यावर हे थर आहेत असे समजावे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, तर चकाकी घालविणाऱ्या या सर्व थरांची मिळून जाडी एक मायक्रॉनही भरत नाही. भिंगाची खरी नजाकत या पापुद्र्यात आहे, आणि तो दोन गोष्टींनी बिघडतो. एक घासण्याने आणि दुसरी उष्णतेने. प्लास्टिक तापले की पुष्कळ फुगते. वरचा थर तितका फुगत नाही. आणि मग त्या थराला आटलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या बारीक भेगा पडतात. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत पुढच्या काचेपाशी चष्मा ठेवणे, किंवा पाणी तापवून त्यात तो बुडविणे, यामुळे हे घडते.

आता धुण्याची रीत सांगतो. तिला दोन मिनिटांहून अधिक लागत नाहीत.

आधी आपले हात साबणाने धुवावेत, कारण बोटांवर तेल असेल तर तेच भिंगावर जाईल. मग नळाच्या साध्या किंवा किंचित कोमट पाण्याखाली चष्मा धरावा आणि दोन्ही बाजूंनी पाणी सोडावे. या वेळी भिंगाला बोट लावू नये. रेती पाण्यानेच वाहून जाऊ द्यावी. या पहिल्या धारेतच अर्धे काम होते, आणि नेमकी तीच पायरी आपण गाळतो. त्यानंतर भांडी घासण्याच्या पातळ साबणाचा एक लहानसा थेंब बोटांच्या टोकांवर घ्यावा आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत भिंग धरून हलकेच चोळावे. हा साबण साधा असावा. हात मऊ ठेवण्यासाठी ज्यात मलमासारखे काही घातलेले असते तो नको, कारण त्याचा तेलकट थर मागे राहतो. भिंगाबरोबर नाकावरच्या पाकळ्या, भिंगाची कड जिथे फ्रेमच्या खोबणीत बसते ती जागा, आणि कानामागे जाणारी काड्यांची टोके हीही चोळावीत. घाम आणि तेल साठते ते तिथेच. पुन्हा पाण्याखाली धरून साबण पूर्णपणे काढावा आणि चष्मा हलकेच झटकावा. राहिलेले थेंब स्वच्छ, धुतलेल्या, विना-लोकरीच्या मऊ सुती कापडाने किंवा दुकानातून चष्म्याबरोबर मिळणाऱ्या सूक्ष्मतंतूंच्या फडक्याने टिपून घ्यावेत. टिपावेत असे मी मुद्दाम म्हणतो. घासण्याचे आता काही कारण उरलेले नसते. जिथे विहिरीचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी येते, तिथे थेंब भिंगावर वाळू देऊ नयेत. क्षाराचे पांढरे ठिपके राहतात, आणि ते काढण्यासाठी मनुष्य पुन्हा घासू लागतो.

ते फडकेही धुवावे लागते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. सहा महिने खिशात फिरलेले फडके म्हणजे रेतीचे भांडारच. साध्या साबणाने ते आठवड्यास एकदा धुवावे. कपडे मऊ करणारे सुवासिक द्रावण मात्र त्यास लावू नये; त्याचा मेणकट अंश भिंगावर उतरतो.

काय वापरू नये, तेही थोडक्यात सांगतो. कागदी रुमाल आणि वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या तंतूंचा असतो. तो हातास मऊ लागला तरी भिंगास मऊ नसतो. खिडक्यांची तावदाने पुसण्याच्या द्रावणात पुष्कळदा अमोनिया असतो. तो भिंगावरच्या थरांना मानवत नाही. नखांचा रंग काढण्याचे ॲसिटोन तर भिंग आणि फ्रेम दोन्ही बिघडवते. आणि ओरखडे काढण्यासाठी दंतमंजनाची लुकण लावण्याचा जो घरगुती उपाय सांगितला जातो, तो कटाक्षाने टाळावा. दंतमंजन स्वतःच बारीक घासणारे द्रव्य आहे. त्याने एक ओरखडा मिटत नाही. त्याच्या आसपासचा लेप मात्र निघून जातो, आणि एका रेषेच्या जागी धुरकट डाग येतो.

बाहेर असताना पाणी नसेल तर? अशा वेळी निदान भिंगावर फुंकर मारून सुटी धूळ उडवावी, आणि मग स्वच्छ फडक्याने जितके हलके होईल तितके टिपावे. हा नाइलाजाचा उपाय आहे, नित्याचा नव्हे.

श्रोतेहो, येथवर भिंगाविषयी झाले. आता सांगाड्याकडे वळतो, आणि ते एका प्रत्यक्ष उदाहरणावरून सांगणे बरे.

आमच्या शेजारी, येथे दिल्लीत, एक वृद्ध मराठी गृहस्थ मुलाकडे राहतात. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. वय सत्तरीच्या घरात. त्यांचा चष्मा धातूच्या बारीक फ्रेमचा, आणि भिंगे अशी की वरच्या भागातून दूरचे, मधून हाताच्या अंतरावरचे आणि खालच्या भागातून वाचनाचे दिसावे. दुकानात ज्यांना प्रोग्रेसिव्ह म्हणतात ती. चष्म्याला दीड वर्ष झाले होते. अण्णांची तक्रार अशी की, वर्तमानपत्र वाचताना हनुवटी वर उचलावी लागते, अर्ध्या तासात मान दुखू लागते, आणि रात्री रस्त्यावरच्या दिव्यांभोवती किरणे पसरलेली दिसतात.

"नंबर बदललाय, दुसरं काय," ते म्हणाले. "मुलगा म्हणतो, नवा चष्मा करू."

"अण्णा, एक करून पाहता का?" मी म्हटले. "चष्मा बोटानं थोडा वर उचलून धरा, आणि मान सरळ ठेवून वाचा."

त्यांनी तसे केले, आणि बारीक अक्षरातली जाहिरात मान न उचलता वाचली.

ही परीक्षा फार उपयोगी आहे. कुठल्याही भिंगाचा मध्य बुबुळासमोर एका ठराविक जागी बसविलेला असतो. प्रोग्रेसिव्ह भिंगात तर वाचनाचा भाग खाली, आणि तोही अरुंद असतो. चष्मा तीनचार मिलिमीटर घसरला तरी तो भाग दृष्टीच्या खाली जातो, आणि त्याला गाठण्यासाठी मनुष्य नकळत हनुवटी उचलतो. चष्मा वर धरल्यावर स्पष्ट दिसत असेल, तर दोष बहुधा नंबराचा नसून बसण्याचा आहे असे समजावे. वर धरूनही दिसत नसेल, तर फ्रेमशी खटपट न करता डोळे तपासून घ्यावेत.

अण्णांचा चष्मा आधी धुतला, आणि स्वच्छ पांढरे कापड पसरून त्यावर ठेवला. पांढरे कापड एवढ्यासाठी की, चष्म्याचा स्क्रू तांदळाच्या कणीएवढा असतो. तो फरशीवर पडला की सापडत नाही. मग काम एका क्रमाने केले, आणि तो क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्क्रू, मग चष्म्याचा तोल, मग नाकावरच्या पाकळ्या, आणि सर्वांत शेवटी कानामागचा वाक. सैल स्क्रू तसाच ठेवून पुढचे काही वाकवू लागलो, तर जो वाकडेपणा मुळात नाही तोच आपण दुरुस्त करू लागतो.

डाव्या काडीच्या बिजागरीचा स्क्रू अर्धा फेरा वर आलेला होता. काडी आपल्या वजनाने लटलटत होती. त्यासाठी घड्याळजी वापरतो तसला बारीक स्क्रू ड्रायव्हर लागतो. त्याचे पाते स्क्रूच्या खाचेच्या रुंदीइतके असावे. अरुंद पाते खाच झिजवते, आणि खाच झिजली की स्क्रू निघतही नाही व बसतही नाही. चष्मा हातात अधांतरी न धरता टेबलावर टेकवावा, म्हणजे पाते निसटून भिंगावर जाणार नाही. स्क्रू प्रथम किंचित डावीकडे, म्हणजे उलटा फिरवावा. तो आपल्या आट्यात अचूक बसल्याचे बोटाला कळते. मग उजवीकडे फिरवून आवळावा. किती आवळावा? काडी उघडताना हलकासा विरोध जाणवावा आणि अर्धी उघडून सोडली तर ती तिथेच राहावी, इतका. त्याहून अधिक जोर केल्यास आटे बिघडतात. ज्या फ्रेममध्ये भिंगाभोवतीची कडी स्क्रूने मिटविलेली असते, तिथला स्क्रूही पाहावा. भिंग हलवले असता खुळखुळत असेल तर तो सैल आहे. परंतु तो जपून, पाव फेऱ्याने आवळावा. अति आवळल्यास भिंगाच्या कडेचा टवका उडतो.

स्क्रू पुनःपुन्हा सैल होत असेल, तर काडीच्या टोकाने नखांना लावावयाच्या रंगहीन लाखेचा अगदी सूक्ष्म थेंब त्याच्या डोक्यावर ठेवून वाळू द्यावा. हा उपाय धातूच्या फ्रेमपुरताच. लाख भिंगावर किंवा प्लास्टिकच्या फ्रेमवर गेली तर डाग पडतो.

स्क्रू बसल्यावर चष्म्याचा तोल पाहिला. दोन्ही काड्या उघडून चष्मा सपाट टेबलावर ठेवला, तेव्हा एका काडीचे टोक मिलिमीटरभर उचललेले दिसले. येथे नवशिका मनुष्य लगेच वाकवावयास घेतो. परंतु टेबल सरळ असते, चेहरा नसतो. बहुतेकांचे दोन्ही कान एका पातळीवर नसतात. अण्णांना चष्मा लावून समोरून पाहिले, तर तो भुवयांशी समांतर होता. म्हणून त्या काडीला हात लावला नाही. टेबल संशय दाखविते. निकाल चेहऱ्यावर लागतो. चेहऱ्यावरही चष्मा तिरपा दिसला असता, तर नियम असा आहे: ज्या बाजूची फ्रेम वर गेलेली दिसते, त्या बाजूची काडी बिजागरीपाशी किंचित वर वाकवावी. हे प्रथमदर्शनी उलटे वाटते. परंतु काडी कानावर टेकलेली असते. तिचे मागचे टोक वर जाऊ शकत नाही, म्हणून फ्रेमच खाली येते. मात्र बिजागरीजवळ वाकविण्याचे काम पहिल्या वेळी चष्म्याच्या दुकानदाराकडून करून घेणे शहाणपणाचे.

त्यानंतर नाकावरच्या पाकळ्या. दुकानात यांस नोजपॅड म्हणतात. त्या एका बारीक तारेच्या हातावर बसविलेल्या असतात आणि ती तार फ्रेमला डागलेली असते. चष्मा एका हाताने ओढून काढला की ही तार हळूहळू पसरते. पाकळ्या एकमेकींपासून दूर गेल्या की चष्मा खाली उतरतो. त्या जवळ आणल्या की तो वर चढतो. वरून पाहिले तेव्हा अण्णांच्या चष्म्याची उजवी पाकळी डावीपेक्षा स्पष्टपणे बाहेर गेलेली होती. नाकावरही त्याची खूण होती. डाव्या बाजूस पाकळीच्या आकाराचा पुरा ठसा, आणि उजवीकडे फक्त एका कडेची लाल रेघ. पाकळी पूर्ण टेकत असेल तर ठसा फिका आणि पसरट उमटतो. एकच कड रुतत असेल तर रेघ उमटते. कोणती पाकळी बिघडली हे यावरून कळते.

डाव्या हाताच्या चिमटीत फ्रेमची कडी तारेच्या अगदी जवळ घट्ट धरली, म्हणजे जोर भिंगापर्यंत जाऊ नये. आणि उजव्या अंगठ्याने पाकळी आत ढकलली. एका वेळी अर्धा मिलिमीटर, त्याहून अधिक नाही. मग चष्मा लावून पाहावयाचा, आणि हवे असल्यास पुन्हा. असे तीनदा केल्यावर दोन्ही पाकळ्या सारख्या झाल्या. पाकळ्यांची ठेवण नाकाच्या उतारासारखी असावी, म्हणजे वर जवळ आणि खाली थोड्या दूर, आणि त्यांचा सपाट भाग कातडीवर पूर्ण टेकावा. तार पुढेमागे दहा वेळा वाकवीत बसू नये; धातू थकतो आणि डागापाशी तुटतो. पक्कड वापरावयाची झाल्यास ती निमुळत्या तोंडाची असावी आणि तोंडाला कापड गुंडाळलेले असावे. पाकळ्या पिवळ्या, कडक झाल्या असतील किंवा त्यांच्या आत हिरवट गंज दिसत असेल, तर त्या बदलाव्यात. किंमत फार नसते. नवी पाकळी जुनीच्याच जातीची लागते: स्क्रूने बसणारी वेगळी, दाबून बसणारी वेगळी. मुंबई, गोवा, चेन्नईसारख्या किनाऱ्यावरच्या गावी खारी हवा आणि घाम यांमुळे हे लवकर घडते.

शेवटी कानामागचा वाक. काडी कानाच्या माथ्यावरून मागे उतरते. तिचा वाक माथ्याच्या लगेच मागे सुरू व्हावा. अण्णांच्या काड्यांत वाक आणि कान यांच्यामध्ये सुमारे एक सेंटिमीटर मोकळी जागा होती. तेवढी जागा असली म्हणजे चष्मा तेवढा पुढे सरकतो, मग पाकळ्या कितीही नीट असोत. काड्यांची टोके प्लास्टिकच्या आवरणाची होती. असे टोक थंड असताना वाकवू नये; तडकते. गरम पाण्याच्या पेल्यात, उकळत्या नव्हे, केवळ टोक मिनिटभर धरले. भिंग पाण्यापासून आणि वाफेपासून दूर ठेवले. टोक मऊ झाल्यावर जुना वाक आधी सरळ केला, आणि मग अंगठ्यावर धरून नवा वाक पुढे दिला. थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवला. दुसऱ्या काडीचेही तसेच केले. वाक फार पुढे आला तर कानामागे दुखू लागते, आणि तो किंचित मागे घ्यावा लागतो.

अण्णांनी चष्मा लावला, मान खाली घातली, दोनदा हलविली. चष्मा जागचा हलला नाही. मान सरळ ठेवून त्यांनी अग्रलेख वाचला. सारे मिळून अर्धा तास गेला असेल.

राहिली ती रात्रीच्या दिव्यांची तक्रार. संध्याकाळी त्यांना गॅलरीतून रस्त्यावरचा दिवा दाखविला आणि चष्मा डोळ्यांसमोर धरून हलकेच फिरवावयास सांगितला. चष्म्याबरोबर किरणेही फिरली. याचा अर्थ, ती भिंगावरच्या ओरखड्यांमुळे येत होती. किरणे जागची हलली नसती, किंवा चष्मा बदलूनही तशीच राहिली असती, तर कारण डोळ्यात, कदाचित मोतीबिंदूत, शोधावे लागले असते. दिव्याखाली भिंग तिरपे धरून पाहिले तेव्हा सारे स्पष्ट झाले. उजव्या भिंगावर मध्यभागी शेकडो बारीक, गोलाकार रेषा होत्या. सगळ्या एकाच दिशेने वळलेल्या, जसा पुसणारा अंगठा वळतो तशा. दीड वर्ष दररोज सकाळी, सदऱ्याच्या टोकाने.

पुढे नेत्रतज्ज्ञांनी डोळे तपासले. नंबर तोच निघाला, आणि मोतीबिंदूची तक्रार अद्याप नव्हती. भिंगे मात्र नवी घ्यावी लागली, जुन्याच फ्रेममध्ये, आणि त्या प्रकारच्या भिंगांची किंमत फ्रेमहून कितीतरी अधिक होती. मानेचे दुखणे अर्ध्या तासाच्या कामाने गेले. सदऱ्याच्या टोकाने केलेले नुकसान कोणत्याही हत्याराने भरून येण्यासारखे नव्हते. चष्म्याच्या दोन भागांतला जो भेद मी आरंभी सांगितला, तो हाच.

घरी काय करू नये, याचीही मर्यादा सांगितली पाहिजे. ज्यात भिंगालाच छिद्रे पाडून काड्या जोडलेल्या असतात असा बिनकडीचा चष्मा, स्प्रिंगच्या बिजागरीची काडी, आणि वाकवले तरी आपोआप पूर्ववत होणाऱ्या धातूची फ्रेम, यांना घरी वाकवू नये. डागलेला जोड सुटला असेल तर घरगुती चिकटद्रव्य लावू नये. त्याची वाफ भिंगावर पांढरी बसते आणि कारागिराला पुढे डागही देता येत नाही. ही कामे दुकानातलीच.

बाकी जे आपल्या हाती आहे ते फार थोडे आहे. चष्मा दोन्ही हातांनी काढावा, म्हणजे काड्या आणि पाकळ्या पसरत नाहीत. ठेवताना भिंगे वर करून, शक्यतो डबीत ठेवावा. रोज एकदा पाण्याखाली धरावा. आणि महिन्यातून एकदा, एखाद्या रविवारी, चारही गोष्टी क्रमाने पाहाव्यात: स्क्रू, तोल, पाकळ्या, वाक. सदऱ्याच्या टोकाकडे हात जाईल, कारण हाताची सवय जुनी आहे. तो जाईल तेव्हा त्याला नळाकडे वळवावे, इतकेच.